बर्फाची पेटी: दोरीने ओढावी की मागून ढकलावी?

मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडा आणि बर्फ भरलेली पेटी सरकवताना दोन पद्धती दिसतात. कुणी कडीत दोरी घालून ओढतो, कुणी मागे वाकून दोन्ही हातांनी रेटतो. पेटी गुडघ्याएवढी असली की दोन्हीकडे जोर तिरका लागतो. दोरी वर जाते, हात खाली दाबतात. फरक पडतो तो इथेच.

पेटी ६० किलोची धरू, म्हणजे वजन साधारण ६०० न्यूटन. घर्षण गुणांक ०.५ आणि जोराचा जमिनीशी कोन ३० अंश. जमीन पेटीला जितक्या जोराने खालून तोलून धरते ते अभिलंब बल, आणि घर्षण त्याच्याच प्रमाणात वाढतं किंवा घटतं; गुणांक ०.५ म्हणजे ते त्याच्या निम्मं. सरळ आडवा जोर लावला तर ३०० न्यूटन पुरतात.

ओढताना दोरी पेटीचा थोडा भार स्वतःवर घेते. हिशेब केला तर २६९ न्यूटनला पेटी हलते. त्यातले १३४ न्यूटन वरच्या दिशेने जातात, म्हणून अभिलंब बल ६०० वरून ४६६ वर येतं. ढकलताना उलट होतं. आपलाच जोर पेटीला जमिनीवर दाबतो, घर्षण वाढतं, त्यावर मात करायला आणखी रेटावं लागतं आणि त्याने दाब आणखी वाढतो. हे ४८७ न्यूटनवर जाऊन थांबतं, तेव्हा अभिलंब बल ८४४ झालेलं असतं. पेटी तीच, मेहनत पावणेदोन पटीहून थोडी जास्त.

माझ्या मते यापेक्षाही मोठा मुद्दा पायांचा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पेटी खाली दाबली की ती आपल्याला तितकीच वर उचलते. ६५ किलोच्या माणसाचा पायांवरचा भार ६५० वरून साधारण ४०६ न्यूटन उरतो, आणि पायांना मागे रेटायचं असतं ४२२ न्यूटनने. भारापेक्षा रेटा जास्त! माशांच्या पाण्याने ओल्या झालेल्या जेटीवर पेटी जागची हलायच्या आधी पाय सटकतो. ओढणाऱ्याच्या पायांवर मात्र ७८४ न्यूटन भार येतो आणि लागतात फक्त २३३, त्यामुळे पाऊल घट्ट रुततं.

म्हणून दोरी असेल तर ओढा, पण ती फार उभी धरू नका. या फरशीवर २७ अंशांच्या आसपास सगळ्यात कमी जोर लागतो. ६० अंशांवर तोच ३२० च्या वर जातो, म्हणजे आडव्यापेक्षाही जास्त. दोरी लांब सोडली की कोन आपोआप उतरतो.

दोरी नसेल तर खाली बसून, हात पेटीच्या तळाजवळ ठेवून आडवं रेटा, म्हणजे ३०० मध्ये काम होतं. उभ्याने वरच्या कडेवर हात टेकून रेटू नका. कोन ६३ अंशांच्या पुढे गेला, तर कितीही ताकद लावा, पेटी हलणार नाही. आणि होडीकडे उतरत्या ओल्या उतारावर ओढायचीच नाही. तिथे दोरी वरच्या बाजूने धरून पेटी हळूहळू खाली सोडायची, समोर कुणी उभं राहायचं नाही.