पुदिना तेलाची धुरी : बटाट्यावर एक हंगाम वापरल्यानंतर

बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून वापरायचो ती क्लोरप्रोफॅमची भुकटी बंद करून यंदा साठवणीच्या खोलीत पुदिना तेलाची धुरी दिली. बटाट्यासाठी पैसे वसूल. कांद्यासाठी घेणार असाल तर थांबा.

काढणीनंतर बटाट्याचे डोळे दोन-तीन महिने झोपलेले असतात, जातीनुसार कमी-जास्त. डोळ्यातली वाढ रोखणारी संप्रेरकं ओसरली आणि तिथे साखर पोहोचू लागली की कोंब निघतो. ४ अंशांखाली ठेवला तर तो निघत नाही, पण थंडीत स्टार्चची साखर होते आणि वेफर तळताना काळे पडतात. म्हणून मी खोली ८ ते १० अंशांवर ठेवतो, आणि त्या तापमानाला कोंब दाबायला काहीतरी लागतंच.

क्लोरप्रोफॅम पेशींचं विभाजनच थांबवतं. काम चोख, पण युरोपात २०२० पासून त्यावर बंदी आहे. पुदिना तेलातलं कार्वोन वेगळ्या तऱ्हेने काम करतं, ते कोवळा कोंब जाळतं. त्यामुळे वेळ महत्त्वाची. डोळ्यात पांढरा ठिपका दिसला की धुरी द्यायची, झरोके दीड-दोन दिवस बंद ठेवायचे, पंखा मात्र आतल्या आत फिरता ठेवायचा. पंखा बंद राहिला की ढिगाच्या तळाशी वाफ पोहोचत नाही. खालचे बटाटे उपसून पाहिले की लगेच कळतं. दोन-तीन दिवसांत कोंबाचं टोक काळं पडून वाळतं.

तोटा असा की शेंड्याचा कोंब मेला की बाजूचे डोळे जागे होतात. एक जाळला की काही आठवड्यांनी तीन. म्हणजे धुरी परत परत द्यावी लागते, आणि लांबलेल्या कोंबावर ती फारशी चालत नाही. वास खोली उघडी ठेवल्यावर जातो. (कपड्यांचा जात नाही.)

आता कांदा. त्याच खोलीच्या कोपऱ्यात काही क्रेट ठेवले होते. बाहेरून ठणठणीत, कापला तर मधोमध हिरवा कोंब. कारण कांद्याच्या घडणीतच आहे. पात दिवसाची लांबी ओळखते. दिवस त्या जातीच्या मर्यादेपलीकडे गेला, काहींना १२ तास पुरतात, काहींना १४ ते १६ लागतात, की पातीचे बुडखे फुगून एकावर एक पापुद्रे चढतात. वाढीचं टोक राहतं सगळ्यांच्या आत, तळाच्या चकतीवर. बाहेरची वाफ तिथे पोहोचणार कशी?

म्हणून कांद्याचा बंदोबस्त शेतातच करावा लागतो. मॅलिक हायड्राझाइड पातीवर फवारतात, माना पडू लागल्या पण पात अजून हिरवी आहे तेव्हा. पातीतून ते अन्नासोबत आतल्या टोकापर्यंत जातं. पात वाळल्यावर फवारलं तर वाया, फार लवकर फवारलं तर कांदा पोकळ-मऊ होतो. फवारणी राहिली असेल तर कांदा १० ते १५ अंशांत ठेवू नका, तिथेच तो सगळ्यात लवकर फुटतो. एक तर शून्याजवळ ठेवा, नाहीतर सरळ २५ ते ३० अंशांत, कोरड्या खेळत्या हवेत.

बटाट्यासाठी पाचपैकी चार तारे. एक कापला तो वारंवार द्याव्या लागणाऱ्या धुरीपायी.