कोल्ड ईमेल आधी कुणाला: कॉन्फरन्सवाल्यांना की लग्नवाल्यांना?

सोलापुरात इव्हेंट फोटोग्राफी करताय आणि ओळखपाळख नसलेल्यांना मेल टाकून काम मिळवायचंय, तर एकच मेल दोन्हीकडे फिरवू नका. मला विचाराल तर आधी कॉन्फरन्सवाल्यांना लिहा, तिथे मेल बघणारा माणूस तरी ठरलेला असतो.

डॉक्टरांची दोन दिवसांची कॉन्फरन्स घ्या. ब्रोशरवर ऑर्गनायझिंग सेक्रेटरीचा मेल बहुतेक वेळा छापलेलाच असतो. त्याला फोटो छान हवेतच, पण त्याच्या डोक्याला ताप वेगळाच असतो, स्टॉलचे पैसे भरलेल्या फार्मा कंपन्या नंतर बॅनरचे आणि स्टॉलवरच्या गर्दीचे फोटो मागतात, आणि उद्घाटनाचा फोटो त्याच संध्याकाळी पेपरला द्यायचा असतो. मग "आम्ही आठवणी जपतो" वगैरे त्याला कशाला सांगायचं? कार्यक्रमाच्या दोनतीन महिने आधी एवढंच लिहा (इंग्रजीत चालेल):

"सर, ब्रोशर पाहिलं. दोन हॉल एकाच वेळी चालू आहेत, म्हणून दोन फोटोग्राफर देतो. उद्घाटनाचे १० फोटो त्याच दिवशी ५ वाजेपर्यंत मिळतील. प्रत्येक स्पॉन्सरचं वेगळं फोल्डर तिसऱ्या दिवशी. जीएसटी बिल देतो. आधीच्या कॉन्फरन्सचे फोटो या लिंकवर आहेत."

लिंकच द्या, कारण जीमेलवरून २५ एमबीच्या वरची अटॅचमेंट तशीही जात नाही. आणि त्या लिंकमध्ये नवरीचे फोटो नकोत! अंधाऱ्या हॉलमध्ये फ्लॅश न मारता काढलेला स्पीकर दाखवा, मागे एलईडी वॉल असली तरी फोटोत पट्टे न आलेला. शटर फार वाढवला की ते पट्टे येतात, आणि जाणकार माणूस तेच आधी बघतो.

लग्नाचं गणित उलटं. घरचे लोक इन्स्टा बघून नाहीतर पाहुण्यांना विचारून ठरवतात, मंगल कार्यालयवाले फोनवर बोलतात, त्यामुळे मेल टाकायचाच तर वेडिंग प्लॅनरला, त्यातही पुण्याचा जो सोलापुरात लग्न घेऊन येतो त्याला, कारण त्याला इथली टीम मिळाली तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. त्याची भीती एकच, हा फोटोग्राफर माझं गिऱ्हाईक पळवेल. म्हणून मेलमध्ये स्पष्ट लिहा की फोटो तुमच्या नावाने जातील, मी पार्टीला माझं कार्ड देणार नाही, आणि हळदीपासून रिसेप्शनपर्यंतचा तुमच्यासाठीचा रेट हा. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात पाठवा, सीझनमध्ये त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो.

पैशाचं मात्र लग्नच बरं, ॲडव्हान्स हातात पडतो. कॉन्फरन्सचं किंवा कंपनीचं बिल महिना-दीड महिना लटकू शकतं, वर टीडीएस कापला जातो तो वेगळा. कॅमेऱ्याचा हप्ता चालू असेल तर नुसत्या कॉन्फरन्सवर राहू नका.

उत्तर आलं नाही तर सेक्रेटरीला आठवड्याने त्याच मेलवर रिप्लाय करून दोन ओळी लिहा. प्लॅनरला दुसरा मेल नको, व्हॉट्सॲपवर "मेल टाकलाय, बघा" एवढं पुरे.