कॅसेटवरून डिजिटल, सात महिन्यांनंतर: खरखरीला शिव्या घालण्याआधी हेडचा स्क्रू बघा

साहित्य नेहमीचंच. मंगळवार बाजारातला जुना स्टिरिओ डेक १८०० रुपयांना, बेल्ट आणि पिंच रोलर बदलायला आणखी ४५०, आरसीए लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड, आणि आवाज भरायला फुकटातलं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर. सात महिन्यांत ६४ कॅसेटी झाल्या. त्यातल्या पहिल्या २२ पुन्हा कराव्या लागल्या. दोष डेकचा नव्हता, केबलचा नव्हता, ऑडॅसिटीचा तर मुळीच नव्हता. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडशेजारच्या एका स्क्रूचा होता, म्हणून हा रिव्ह्यू बराचसा त्या स्क्रूचाच आहे.

केबलचं आधी उरकून घेऊ. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी आरसीए वायर थेट लाइन-इनला. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका. तिथली इनपुट माइकची असते आणि बहुतेक वेळा मोनो. डेकचा जोरकस सिग्नल तिथे फाटतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या छोट्या यूएसबी डबीतही हाच घोळ असतो. ती घेऊन पैसे वाचत नाहीत, दोनदा जातात. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज -६ डीबीच्या आसपास थांबेल. साध्या कॅसेटचा आवाका साधारण ५० डीबीचा, १६ बिटचा ९६, त्यामुळे पातळी अजून चढवून हाती काही लागत नाही.

आता मुद्दा. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर मी या डेकला तीन तारे दिले असते, 'आवाज दबका, खरखर फार' असं म्हणून. ते मत मागे घेतो. खरखर वाढलेली नव्हती, मूळ आवाज उतरलेला होता.

हेडमधली बारीक फट फितीच्या प्रवासाला अगदी काटकोनात हवी. याला अ‍ॅझिमथ म्हणतात. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे १० हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉनची. स्टिरिओ हेडच्या डाव्या-उजव्या ट्रॅकमध्ये सुमारे ०.९ मिलिमीटर अंतर असतं. हेड एका अंशाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं कललं तरी दोन ट्रॅकमध्ये या लाटेचा अर्धा फेरा पुढे-मागे होतो. दोन्ही एकत्र केले की तो आवाज जवळजवळ पुसलाच जातो. 'स', 'श', 'च' बोथट होतात, टाळ-झांजांची धार जाते. फितीची खरखर मात्र रुंदीभर विस्कळीत असते, ती कलण्याने फारशी कमी होत नाही. मग आपण ट्रेबल चढवतो, त्यासोबत खरखर चढते, मग ती मारायला सॉफ्टवेअरचा दांडपट्टा फिरवतो आणि शेवटी माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखा ऐकू येतो.

रिपेअरिंगवाल्याने 'हेड सेट करून दिलंय' म्हणत स्क्रूवर लाल रंगाचा थेंब लावून दिला होता. केलं ते ठीक, पण कोणत्या कॅसेटवर? कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्या यंत्राच्या हेडचा कल तिच्यात उतरलेला असतो. म्हणून घरच्या रेकॉर्डिंगला एकच सेटिंग चालत नाही. दर कॅसेटला बघावं लागतं, कधी कधी ए आणि बी बाजूलाही वेगवेगळं.

करायचं असं. डेकच्या दाराचं पुढचं प्लास्टिक बहुधा वर सरकवून निघतं. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो आपला, दुसऱ्याला हात लावायचा नाही. मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला टाचणी चिकटत असेल तर तो वापरू नका, त्याने हेड चुंबकीय होतं. आधी हेड आणि फीत ओढणारी फिरती दांडी, म्हणजे कॅप्स्टन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण मळलेलं हेडही असाच दबका आवाज देतं आणि आपण उगाच स्क्रू पिळत बसतो. मग विंडोजमध्ये `Mono audio` चालू करा, ऑडॅसिटीत येणारा आवाज ऐकण्याची सोय चालू करा, वायरचे इअरफोन लावा आणि स्क्रू अगदी सावकाश फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच एक जागा अशी येते की आवाजावरची चादर कुणी ओढून घेतल्यासारखं वाटतं. ती ओलांडा, पुन्हा मागे या, थांबा. स्टिरिओत ऐकत हे करू नका, कान फसतात.

कानावर भरवसा नसेल तर डोळ्यांनी तपासा. उदाहरण म्हणून १९८७ सालची सी-६० घेऊ, मोनो टू-इन-वनवर भरलेल्या ओव्यांची. मोनो यंत्र दोन्ही ट्रॅकच्या रुंदीभर एकच आवाज भरतं, त्यामुळे डावं-उजवं तंतोतंत सारखं यायला हवं. बांगड्या किणकिणल्या त्या जागी झूम वाढवत नेलं, तर डाव्या ट्रॅकचं टोक उजव्याच्या दोन सॅम्पल पुढे होतं. सेकंदाला ४४१०० सॅम्पल धरले तर दोन सॅम्पल म्हणजे ४५ मायक्रोसेकंद, वर सांगितलेला जवळजवळ अर्धा फेरा. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या उलट किंचित फिरवला आणि टोकं एकाखाली एक आली. मग दोन्ही ट्रॅक मिसळून मोनो केले. यात वरकमाई होते: आवाज ६ डीबीने वाढतो, विस्कळीत खरखर ३ डीबीनेच. ३ डीबी फुकटात, एकही फिल्टर न लावता.

यानंतरच `Noise Reduction`. नमुना घेताना फितीच्या सुरुवातीचा पारदर्शक तुकडा घेऊ नका, तिथे फितीची खरखर नसतेच. कोरी फीतही नको. रेकॉर्डिंग चालू आहे पण कुणी बोलत नाही, असे एक-दोन सेकंद शोधून `Get Noise Profile` द्या. कमी करायचं प्रमाण ६ ते ८ डीबी. २४ लावा म्हणणाऱ्यांनी आपली फाइल इअरफोनवर ऐकलेली नसते. `Residue` निवडून काय काढलं जातंय ते ऐका: नुसती सळसळ आली तर ठीक, त्यात ओवीचे शब्द कळायला लागले तर प्रमाण उतरवा.

सोलापूरच्या बऱ्याच घरगुती कॅसेटींत मागे यंत्रमागाची खटखट आहे. ती या फिल्टरने जात नाही, कारण फिल्टरला सतत एकसारखा आवाज कळतो, ठोके नाही. ती राहू द्या. 'भुंऽऽ' असा गुणगुणाट असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेकदा तिथेच संपतो.

एप्रिल-मेमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर तापलेल्या कॅसेटींत फितीमागची फेल्टची गादी सुटून पडलेली सापडते. त्यानेही आवाज दबका आणि वरखाली होतो, आणि तो स्क्रूने सुधारत नाही. कॅसेट लावण्याआधी मधल्या खिडकीत गादी जागेवर आहे का बघा. नसेल तर टाकाऊ कॅसेटमधली पत्तीसकट बदला. पाच स्क्रूंची असेल तर दहा मिनिटांचं काम, चिकटवलेली असेल तर ब्लेडने शिवण उघडून फीत दुसऱ्या खोक्यात घालावी लागते.

डेकला आता साडेचार तारे. अर्धा कापला तो त्या लाल रंगाच्या थेंबासाठी, खरवडताना स्क्रूची खाच थोडी गेली.