साइटवरची हजेरी: ५० मीटरचं वर्तुळ, १५० मीटरचं, की गेटवरचा क्यूआर?

लोअर परळला टॉवरचं काम चालू आहे आणि हजेरी मस्टरवरून मोबाइलवर न्यायची आहे. ॲप कुठलंही घ्या, साइटभोवती ज्या वर्तुळाच्या आतच हजेरी लागते, ते केवढं ठेवायचं ते आधी ठरवा, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरूनच होतात.

हजेरी लावताना फोन ॲपला दोन गोष्टी देतो: तुम्ही नकाशावर कुठे आहात तो बिंदू, आणि तो किती मीटरने चुकलेला असू शकतो याचा अंदाज. समजा वर्तुळाचा मध्य साइट ऑफिसवर आहे आणि त्रिज्या ५० मीटर. मागच्या गेटवरचा फिटर मध्यापासून ७० मीटरवर दिसतो, आणि फोनच्या अंदाजाने यात ३५ मीटरपर्यंत चूक असू शकते. काही ॲप फक्त ७० बघतात आणि त्याला बाहेर काढतात. काही ॲप ३५ वजा करून त्याला आत धरतात. माणूस तोच, गेट तेच. म्हणून विकणाऱ्याला हे आधी विचारा. बरेचदा त्यालाही ठाऊक नसतं.

काचेच्या उंच इमारतींवर उपग्रहाचे सिग्नल आपटून उशिरा पोहोचतात आणि बिंदू रस्त्यापलीकडे सरकतो. त्यामुळे अशा भागात ५० मीटर म्हणजे रोजची कटकट. अँड्रॉइडसाठी गूगलही किमान १०० ते १५० मीटर सुचवतं. पण १५० मध्ये समोरची चहाची टपरीही येते, म्हणजे टपरीवरूनही हजेरी लागणार. गेटवरच्या क्यूआरला सरकणाऱ्या बिंदूची पर्वा नाही. मात्र कागदावर छापलेल्या क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही. मी १५० मीटर आणि गेटवर टॅबमध्ये सतत बदलणारा क्यूआर, असं दोन्ही घेईन. ५० मीटर फक्त मोकळ्या, छोट्या प्लॉटला.

बेसमेंटमध्ये उपग्रहाचा सिग्नल पोहोचतच नाही. तिथल्या लोकांनी खाली उतरण्याआधी हजेरी लावायची.

तरीही ॲपने कुणाला बाहेर दाखवलं, तर त्याने आधी गूगल मॅप्स उघडावं. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं असेल तर दोष फोनच्या अंदाजाचा. उघड्यावर मिनिटभर थांबायचं, बॅटरी सेव्हर बंद करायचा, वायफाय जोडलेलं नसलं तरी चालू ठेवायचं, कारण आसपासच्या राउटरवरूनही जागा कळते. अँड्रॉइड १२ पासून ॲपला ‘अंदाजे’ लोकेशनचीच परवानगी देता येते. हजेरीच्या ॲपला तेवढीच दिली असेल तर त्याला मिळणारा बिंदू दोन-दोन किलोमीटर भटकू शकतो, म्हणून परवानगी ‘अचूक’ करायची. ठिपका बरोबर, त्याभोवतीचं वर्तुळही लहान, परवानगीही ‘अचूक’ आणि तरी नकार येत असेल, तर बहुधा ऑफिसने मध्य चुकीच्या जागी ठेवलाय किंवा त्रिज्या कमी ठेवलीय.

दोष फोनचा असो की ऑफिसचा, वेळेसकट स्क्रीनशॉट काढून लगेच मुकादमाला पाठवायचा आणि त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्यायची. पगाराच्या दिवशी कोण ऐकतंय? खोटं लोकेशन दाखवणारं ॲप मात्र कुणी टाकू नये. अँड्रॉइड ते हजेरीच्या ॲपला कळवतं, आणि मग खऱ्या हजेरीवरही संशय येतो.