कोटेशनवर ‘उत्पादक’, बिलावर ‘सेवा’: तेलघाण्याच्या खरेदीतली फसवणूक

सातारा जिल्ह्यातल्या एका तरुणाने शेंगदाणा तेलाच्या छोट्या युनिटसाठी पुण्याच्या एका कंपनीकडून ऑइल एक्सपेलर घेतला. कंपनीच्या माहितीपत्रकात स्वतःची ओळख अशी दिली होती: ‘अन्नप्रक्रिया यंत्रसामग्री व संलग्न सोल्यूशन्सच्या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था’. कंपनी मशीन बनवते, दुसऱ्याचे विकते की नुसता सल्ला देते, हे या वाक्यातून कळत नाही. फोनवर मात्र ‘आम्ही स्वतः मॅन्युफॅक्चरर आहोत, मध्ये कोणी नाही’ असे ठासून सांगितले गेले, आणि कोटेशनच्या डोक्यावरही ‘उत्पादक व पुरवठादार’ असे छापलेले होते. सौदा पाच लाख अधिक जीएसटीला ठरला. निम्मी रक्कम आगाऊ गेली.

मशीन आले तेव्हा सोबत दोन बिले होती. एक मशीनचे, 3,60,000 रुपयांचे. दुसरे 1,40,000 रुपयांचे, ‘प्रोजेक्ट सल्ला व कमिशनिंग’ या नावाचे, आणि त्यावरचा कोड 99 ने सुरू होणारा. जीएसटीत 99 ने सुरू होणारे कोड सेवांचे असतात. म्हणजे पाच लाखांचे मशीन घेतले असे गिऱ्हाईक समजत होते, पण कागदावर जवळपास तीस टक्के पैसे सेवेपोटी गेले होते. ती सेवा मशीन बसवले त्याच दिवशी ‘पूर्ण झाली’ अशी सहीही घेतलेली होती.

काही आठवड्यांतच मोटर जळाली. वाइंडिंग करून घेतल्यावर पुन्हा जळाली. पुण्याला फोन केला की ‘कंपनीला कळवतो’ एवढेच उत्तर मिळे. उत्पादक स्वतःच असेल तर ही ‘कंपनी’ कोणती? उत्तर मशीनवरच होते. कंपनीच्या नावाचे चकचकीत स्टिकर सोडवले तेव्हा खाली जुन्या नेमप्लेटच्या रिव्हेटची चार भोके दिसली, आणि चेंबरखालच्या बिडाच्या ओतीवर राजकोटच्या एका कारखान्याचे नाव उठलेले होते. त्या कारखान्याने सरळ सांगितले: हे मॉडेल आम्ही पाच एचपी थ्री फेज मोटरवर देतो, तुमच्याकडे तीन एचपी सिंगल फेज मोटर कोणीतरी नंतर बसवली आहे. वॉरंटी आमच्या बिलावर ज्याचे नाव आहे त्याला, आणि मोटर बदलली की तीही संपली. पुण्याची कंपनी ट्रेडर होती. गावात थ्री फेज नाही म्हणून गिऱ्हाईक हातचे जाऊ नये, एवढ्यासाठी तिने मोटर बदलून दिली होती. चेंबरमध्ये पेंड घट्ट झाली की लोड वाढतो, कमी ताकदीची मोटर अडकते आणि अडकलेल्या अवस्थेत करंट ओढत राहून जळते. स्वतः बनवणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते.

ट्रेडरकडून घेणे वाईट नाही. कधी तो स्वस्तात आणि लवकर देतो. नुकसान होते ते ट्रेडरला उत्पादक समजून पैसे मोजल्यावर. वॉरंटी, सुटे भाग आणि मशीनचे ज्ञान कोणाकडे आहे, यावर किंमत ठरली पाहिजे. उत्पादकाकडे तिन्ही असतात. अधिकृत वितरकाकडे उत्पादकाचे लेखी पत्र असते आणि वॉरंटी त्या पत्राच्या जोरावर चालते. ट्रेडर जेवढे बिलावर लिहून देईल तेवढेच. सेवा पुरवणाऱ्याकडे मालाची कसलीच जबाबदारी नसते. सबसिडीची फाइल, प्रकल्प अहवाल, टर्नकी म्हणजे सगळे उभारून चालू करून देतो, अशी बोली बहुधा त्याचीच.

हे आगाऊ रक्कम देण्याआधी कळू शकले असते. कोटेशनवरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर घ्या, services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. तिथे Nature of Core Business Activity अशी ओळ दिसते, आणि त्यात उत्पादक, ट्रेडर किंवा सेवा पुरवठादार व इतर यांपैकी एक लिहिलेले असते. याच कंपनीच्या नावापुढे तिथे ट्रेडर असे स्पष्ट होते. ही माहिती कंपनीनेच भरलेली असते, म्हणून ती वाचताना एक भेद ठेवा. तिथे ट्रेडर लिहिले असेल आणि तोंडी उत्पादक म्हणत असतील, तर पोर्टलवर विश्वास ठेवा. स्वतःच्या विक्रीला अडचणीचे असे कोणी उगाच भरत नाही. तिथे उत्पादक लिहिले असेल तर मात्र तेवढ्यावर थांबू नका, कारण ते कोणीही निवडू शकतो. उद्यम प्रमाणपत्राचेही तसेच: तेही स्वतःच्या घोषणेवर मिळते.

उत्पादकाचा दावा तपासायला सर्वात चांगला कागद म्हणजे कारखान्याच्या पत्त्यावरचे वीजबिल. महावितरणच्या बिलावर दराचा वर्ग छापलेला असतो. लघुदाब औद्योगिक जोडणी एलटी-5 मध्ये येते, दुकान किंवा ऑफिस एलटी-2 मध्ये. बिलावरचा पत्ता जीएसटी पोर्टलवरच्या मुख्य किंवा अतिरिक्त ठिकाणाशी जुळला पाहिजे. गाळा भाड्याचा असेल तर बिल मालकाच्या नावे येईल, ते चालते. मग भाडेकरार मागा. खरा कारखानदार हे दाखवायला कुरकुरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शिवाय एक प्रश्न विचाराच: वर्मचा संच सुटा केवढ्याला, आणि किती दिवसांत? शेंगदाणा दाबणारा हा स्क्रू झिजणारच, म्हणून बनवणाऱ्याला त्याची किंमत तोंडपाठ असते, आणि स्टील कोणते, हार्डनिंग कुठे करून घेतो, हेही तो सांगतो. गिअरबॉक्स आणि मोटर बाहेरून आणणे सर्वच कारखान्यांत चालते, त्यावरून कोणाला खोटे ठरवू नका. वर्म आणि चेंबर कोण बनवतो हे पाहा. ‘विचारून सांगतो’ असे उत्तर आले, तर ज्याला तो विचारणार आहे त्याचे नाव मागा.

समोरचा स्वतःला वितरक म्हणत असेल तर अधिकारपत्रात मॉडेल, विक्रीचा प्रदेश आणि मुदत पाहा, आणि उत्पादकाचा फोन पत्रावरून न घेता स्वतंत्रपणे शोधून खात्री करा. अनेकदा पत्र खरे असते, पण मुदत केव्हाच संपलेली असते.

खरेदी ऑर्डर आपल्या शब्दांत लिहा. त्यात प्रत्यक्ष उत्पादकाचे नाव व पत्ता, मोटरचा एचपी व फेज, मूळ नेमप्लेट जागेवर असण्याची अट, वॉरंटी गिऱ्हाइकाच्या बिलाच्या तारखेपासून, आणि मशीन व सेवा यांच्या रकमा वेगळ्या येऊ द्या. सेवेची रक्कम चाचणीत ठरलेले उत्पादन निघाल्यावरच द्यायची, असेही त्यात घाला.

फसवणूक होऊन गेली असेल तर ‘उत्पादक’ छापलेले कोटेशन, पोर्टलवरच्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट आणि स्टिकरखालच्या भोकांचे फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मशीन स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतले असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्याच जिल्ह्यात. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ‘कंपनीला कळवतो’ या उत्तरावर त्यातले महिने घालवू नका. लेखी नोटीस लगेच पाठवा.