फोटोवरून फरशी मागवताना: चौरस फूट की ओळी?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरातल्या एका खोलीला दोन बाय दोनची फरशी टाकायची होती. भावाने खोलीचा फोटो काढला, त्यावरच पेनाने 10.10 आणि 12.6 असं लिहिलं आणि द्वारकेजवळच्या एका दुकानदाराला पाठवून दिला. दहा मिनिटांत उत्तर आलं, नऊ बॉक्स.

दुकानदाराने चौरस फुटांचा हिशोब केला होता. लांबी गुणिले रुंदी, वर दहा टक्के तुटफूट, भागिले एका बॉक्सचे सोळा फूट. पद्धत झटपट आहे, बजेट काढायला पुरते. चूक त्या टिंबात होती. भावाला म्हणायचं होतं 10 फूट 10 इंच, कॅल्क्युलेटरला ते 10.1 दिसलं. गुणाकार 127 आला. इंचांना बाराने भागलं तर 10.83 गुणिले 12.5, म्हणजे 135. दहा टक्के धरून दहा बॉक्स.

दुसरी पद्धत आमच्या मिस्त्रींची, ओळी मोजायची. दोन बाय दोन म्हणतात ती फरशी खरं तर 600 मिलिमीटरची, दोन फुटांना थोडी कमीच. रुंदीत पाच अख्ख्या बसतात आणि साडेअकरा इंचांची पट्टी उरते. लांबीत सहा बसतात, उरतात जेमतेम आठ इंच. अख्ख्या झाल्या तीस. साडेअकराचे सहा तुकडे, एका फरशीतून दोन निघतात, म्हणून तीन फरश्या. आठ इंचांचे पाच तुकडे; एका फरशीतून तीन काढायला गेलं तर कटरची जाडी आडवी येते, म्हणून दोनच धरायचे, आणखी तीन. कोपऱ्याचा तुकडा उरलेल्यातून निघतो. जमीन 36 फरश्यांत झाली. दाराची जागा सोडून चार इंची स्कर्टिंगला पाच. एकूण 41, म्हणजे चारच्या हिशोबाने अकरा बॉक्स, आणि तुटायला तीन शिल्लक.

नऊ बॉक्स म्हणजे 36. जमीन कशीबशी झाली असती, एकही न तुटता, आणि स्कर्टिंगला काहीच नाही.

रंगाला मात्र फोटो आणि चौरस फूट पुरे. कमी पडला तर त्याच शेड नंबरचा डबा परत मिळतो, थोडासा फरक आला तरी शेवटचा हात अख्ख्या भिंतीवर फिरवला की दिसत नाही. फरशीचं तसं नाही. महिन्याने तेच डिझाइन मागितलं तर बॅच वेगळी येते, आणि खिडकीतून ऊन आलं की वेगळ्या छटेची ओळ आयुष्यभर दिसत राहते.

फोटोच पाठवायचा असेल तर टिंब देऊ नका, ‘10 फूट 10 इंच’ असं अक्षरी लिहा. इंचाची खूण " सुद्धा घाईत 11 वाचली जाते. रुंदी दोन्ही टोकांना मोजा आणि दोन्ही कर्णही लिहा. कर्णांत दोन इंचांचा फरक निघाला तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. कडेची पट्टी निमुळती होत जाते आणि एका फरशीतून दोन तुकडे निघतीलच असं नाही. तेव्हा मिस्त्रींना घरी बोलवा.