स्लो मोशनमधला सरकता पट्टा: दुसरा थर चढवावा की Deflicker लावावा?

मंगल कार्यालयात अक्षता पडतानाचा शॉट, वर ट्यूबलाइट, कॅमेरा 120 फ्रेम्सवर. क्लिप 30 च्या टाइमलाइनवर हळू चालवली की नवरीच्या चेहऱ्यावरून काळपट पट्टा सरकताना दिसतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा मंदावतो आणि कॅमेरा 120 वेळा बघतो. दोघांचा मेळ दर सहाव्या फ्रेमला बसतो.

आधी हेच तपासा. क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवा. सहा फ्रेम्सनंतर पट्टा पहिल्या जागी आला, तर दोष विजेच्या लयीचा आहे. बारीक बारीक पुष्कळ पट्टे असतील आणि ते सहाला जुळत नसतील, तर बहुधा डिमर लावलेला एलईडी आहे. त्याला खालचा फुकटचा उपाय लागू पडत नाही.

तो उपाय असा: त्याच क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवा, तीन फ्रेम्स पुढे सरकवा आणि अपारदर्शकता 50 टक्के करा. तीन फ्रेम्समध्ये दिव्याची अडीच आवर्तने होतात, म्हणून एका थरात जिथे काळोख, तिथे दुसऱ्यात उजेड येतो. ट्यूबलाइटच्या पट्ट्यातला पिवळेपणाही बराच निवळतो. 240 च्या क्लिपला सहा फ्रेम्स सरकवावे लागतात. फ्रेम्स मूळच्याच हव्यात. ऑप्टिकल फ्लोने आधीच ताणलेल्या क्लिपवर हा हिशेब चुकतो.

किंमत मात्र हलणाऱ्या वस्तूंना मोजावी लागते. माझ्या शॉटमध्ये मुंडावळ्या आणि चेहरा स्वच्छ झाला, पण पडणारा प्रत्येक अक्षतेचा दाणा दोनदा दिसू लागला. स्थिर उभ्या माणसांच्या शॉटला मी हाच उपाय करेन, अक्षतांच्या शॉटला नाही.

तिथे रिझॉल्व्हचा `Deflicker` सरस ठरतो. त्यात `Fluoro Light` निवडा. तो हालचाल ओळखून शेजारच्या फ्रेम्सशी उजेड जुळवतो, त्यामुळे दाणे बहुतांशी एकेरी राहतात. वेगाने फिरणाऱ्या हाताच्या कडेला मात्र डाग उरू शकतो, तेवढा भाग मास्क करून वगळावा. हा इफेक्ट सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत मिळतो; मोफत आवृत्तीत चित्रावर शिक्का उमटतो. शटर फार जलद असेल, तर काळ्या पट्ट्यात माहितीच उरलेली नसते आणि उजळल्यावर तिथे दाणेदार नॉइज दिसतो. तो डोळ्यांवर येत असेल तर शॉट सोडून द्यावा, असं माझं मत.

एफएफएमपेगमधला `deflicker` फिल्टर या कामाचा नाही. तो अख्ख्या फ्रेमचा उजेड एकदम कमी-जास्त करतो, पट्टा तसाच राहतो.

पुन्हा शूट करता येणार असेल, तर कॅमेरा पाल मोडमध्ये 100 फ्रेम्सवर आणि शटर 1/100 वर ठेवा. प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचं एक पूर्ण आवर्तन मावतं. हलणारे हात थोडे पुसट येतात, पण 25 च्या टाइमलाइनवर चौपट संथ क्लिप पट्ट्याविना मिळते.